पाय उचलला की गाडी थांबते का?

आमच्या वाईसारख्या गावात विजेवर चालणारी गाडी आता नवलाईची राहिलेली नाही. घरातल्याच सॉकेटला रात्री लावायची आणि सकाळी घेऊन निघायचं, हे बऱ्याच घरांच्या अंगवळणी पडलं आहे. क्लच नाही, गिअर बदलायची कटकट नाही, त्यामुळे चाळिशी ओलांडल्यावर गाडी शिकायला बसलेल्या माझ्यासारख्या कितीतरी जणी या गाड्या बिनधास्त चालवतात. बचत गटाच्या कामासाठी मी आठवड्यातून तीन-चार दिवस आजूबाजूच्या गावांना आणि साताऱ्याला जाते, तेव्हा रस्त्यात भेटणाऱ्या मैत्रिणींचा एक प्रश्न हमखास ठरलेला असतो. ''ताई, ते शून्य, एक, दोन, तीन म्हणजे काय हो? आमची गाडी तर घेतल्यापासून तीनवरच आहे.''

गाडी ताब्यात देताना तासाभरात शंभर गोष्टी सांगितल्या जातात. त्यात ''तीनवर ठेवा मॅडम, बॅटरी वाचते,'' एवढं एक वाक्य या आकड्यांच्या वाट्याला येतं. वाक्य खोटं नाही, पण अर्धवट आहे. या आकड्यांशी बॅटरीपेक्षाही गाडी थांबण्याचा संबंध जास्त आहे. आणि रोज घाट उतरणाऱ्या बाईला तर तो नीट कळलाच पाहिजे.

सायकलचा डायनॅमो आठवतोय?

लहानपणी सायकलच्या चाकाला टेकवायचा डायनॅमो असायचा. तो टेकवला की दिवा लागायचा, पण सायकल लगेच जड चालायची. पायांची ताकद दिव्यासाठी खर्च व्हायची ना! विजेच्या गाडीत नेमकं हेच घडतं. एक्सलरेटर दाबला की बॅटरीतली वीज मोटर फिरवते आणि मोटर चाकं फिरवते. एक्सलरेटरवरून पाय काढला की उलटं होतं. पळणारी चाकं मोटरला फिरवतात, मोटर वीज तयार करून बॅटरीत परत पाठवते आणि या कामात गाडीचा वेग कमी होतो. याला रीजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात. सगळे जण तोंडी 'रिजन' म्हणतात, आपणही तेच म्हणू या.

शून्य ते तीन हे आकडे म्हणजे तो डायनॅमो किती घट्ट टेकवायचा, याचं माप. शून्यावर तो टेकवलेलाच नसतो. पाय काढला तरी गाडी सपाट रस्त्यावर आपली घरंगळत राहते. एकवर हलकी ओढ लागते, आपण पेट्रोलच्या गाडीत वरच्या गिअरमध्ये पाय काढल्यावर लागते तशी. दोनवर ती चांगली जाणवते. आणि तीनवर पाय झटकन उचलला तर शेजारी बसलेल्यांची मान पुढे जाते. २०२२ साली आलेल्या टाटा टियागो ईव्हीत या चार पायऱ्या आहेत आणि त्या बदलायची बटणं गिअरच्या गोल खटक्याजवळ आहेत. दुसऱ्या काही गाड्यांत स्टिअरिंगच्या मागे डाव्या-उजव्या हाताला दोन पट्ट्या असतात, त्या बोटाने ओढून आकडा कमी-जास्त करता येतो. काही गाड्यांत आकड्यांऐवजी हलका, मध्यम, जोरदार असे शब्द असतात. नाव काहीही असो, काम तेच.

आता 'वन पेडल' या शब्दाकडे येऊ. तीनवर ठेवून एकाच पेडलवर गाडी चालवता येते, असं सर्रास म्हटलं जातं. त्यात एक फरक लक्षात ठेवायला हवा. बऱ्याच गाड्या तीनवरसुद्धा पूर्ण थांबत नाहीत. वेग अगदी माणसाच्या चालीइतका खाली आला की चाकं इतकी हळू फिरतात की त्यातून फारशी वीज निघतच नाही. मग ओढ संपते आणि गाडी हळूहळू पुढे सरकत राहते. तिथे ब्रेक दाबावाच लागतो. खरं वन पेडल वेगळं. २०२५ साली आलेल्या ह्युंदाई क्रेटा इलेक्ट्रिकमध्ये 'आय-पेडल' नावाची सोय आहे. त्यात पाय पूर्ण उचलला की गाडी थेट थांबते. तुमची गाडी यातली कोणती, हे रिकाम्या मैदानात दहा मिनिटांत कळतं. सावकाश वेगात पाय काढा आणि बघत राहा. थांबली की सरकली? ब्रेकवर पाय मात्र तयार ठेवा.

चव्वेचाळीस मीटर आणि नऊ मीटर

तीनवरची ओढ अंगाला जोरदार वाटते. त्यामुळे काही दिवसांनी पायाला एक सवय लागते. पुढे काही आलं की पाय फक्त उचलायचा. रोजच्या रहदारीत ही सवय फार सोयीची आहे, पण ती आणीबाणीत चालत नाही. किती चालत नाही, ते हिशेबानेच बघू.

समजा, गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली आहे आणि तीनवर पाय उचलल्यावर दर सेकंदाला वेग ५ किलोमीटरने कमी होतो आहे. ही ओढ चांगलीच जोरदार म्हणायची. तरी गाडी थांबायला ८ सेकंद लागतील आणि तेवढ्यात ती ४४ मीटर पुढे जाईल. तीच गाडी, तोच वेग, कोरडा डांबरी रस्ता, पण ब्रेक जोरात दाबला तर ती ९-१० मीटरमध्ये थांबते. गल्लीतून चेंडूमागे पळत आलेलं पोर तुमच्यापासून पंधरा मीटरवर असेल, तर नुसता पाय उचलून काय होणार?

म्हणून माझं सांगणं असं, की रिजन हा वेग कमी करायला आहे आणि ब्रेक थांबवायला. पाय एक्सलरेटरवरून उचलला आणि पुढे थोडी जरी शंका असेल, तर तो हवेत न ठेवता सरळ ब्रेकवर न्यायचा. दाबायची गरज पडली नाही तर उत्तमच. पण तो तिथे असला पाहिजे.

मागच्या गाडीचाही विचार करायला हवा. आपण ब्रेक दाबला की मागे लाल दिवा लागतो आणि मागचा सावध होतो. नुसत्या रिजनवर वेग कमी होतो तेव्हा काय? याबाबत आंतरराष्ट्रीय नियम आहे. एका ठरावीक मर्यादेपेक्षा ओढ जोरात असेल, म्हणजे साधारण दर सेकंदाला पावणेपाच किलोमीटरपेक्षा जास्त वेग कमी होत असेल, तर लाल दिवा लागलाच पाहिजे. त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त ओढ असेल तिथपासून दिवा लावायचा की नाही हे कंपनीवर सोडलेलं आहे. त्याहून हलक्या ओढीला दिवा लागत नाही. याचा अर्थ एक-दोनवर चालवताना आपला वेग कमी होतोय हे मागच्या एसटीला कळेलच, असं नाही. २०२३ साली अमेरिकेत काही गाड्यांबाबत अशीच तक्रार पुढे आली. जोरदार रिजनवर पाय पूर्ण न उचलता थोडा टेकवून ठेवला, तर गाडी बरीच हळू होत होती, पण मागचा दिवा मात्र लागत नव्हता. नंतर त्या कंपनीला गाडीची आज्ञावली सुधारावी लागली.

आपल्या गाडीचं काय ते तपासणं सोपं आहे. रात्री रिकाम्या रस्त्यावर घरातल्या कुणाला तरी दुसऱ्या गाडीतून अंतर ठेवून मागे यायला सांगा. तुम्ही एक, दोन, तीन अशा क्रमाने लेव्हल बदलून पाय उचला आणि त्यांना दिवा बघायला सांगा. ज्या लेव्हलला दिवा लागत नाही, त्या लेव्हलला मागे वाहन असताना ब्रेकला हलका स्पर्श करून दिवा लावायचा. एवढ्याने काम होतं.

घाटाचा हिशेब

आमच्या शेजारच्या वहिनी पाचगणीच्या एका शाळेत शिकवतात. राहायला वाईत, म्हणजे रोज पसरणी घाट चढायचा आणि उतरायचा. अंतर बारा-तेरा किलोमीटर, पण उंचीचा फरक सुमारे ६०० मीटर. दीड वर्षापूर्वी त्यांनी छोटी विजेची गाडी घेतली. तिची बॅटरी २४ युनिटची. हे युनिट म्हणजे आपल्या लाइटबिलातलंच युनिट बरं का. एके दिवशी आम्ही दोघींनी त्यांच्या घाटाचा हिशेब मांडला.

गाडी आणि आत बसलेली माणसं मिळून वजन १४०० किलो धरलं. एवढं वजन ६०० मीटर वर न्यायला सव्वादोन युनिटच्या आसपास वीज लागते. त्यात रस्त्याचं घर्षण आणि मोटरमधली घट मिळवली की चढताना सव्वातीन युनिट जातात, म्हणजे बॅटरीतले १४ टक्के. उतरताना ते सव्वादोन युनिट परत मिळायला हवेत, पण तसं होत नाही. अर्धा-पाऊण युनिट रस्ताच खातो. उरलेल्या दीड-पावणेदोन युनिटांपैकी वीज करून बॅटरीत भरण्यात आणि पुन्हा बाहेर काढण्यात साधारण तिसरा हिस्सा जातो. हाती राहतं एक युनिटभर, चार-पाच टक्के. वहिनींच्या गाडीचा काटाही असंच काहीसं सांगतो. पाचगणीहून निघताना जेवढे टक्के असतात, त्यापेक्षा वाईत पोचल्यावर तीन-चार टक्के जास्त असतात. ''पैसे खर्च न होता प्रवास, वर सुटे परत,'' असं त्या हसून म्हणतात.

पण या हिशेबाची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. उतारावर ते दीड-पावणेदोन युनिट कुठेतरी जायलाच हवेत. रिजनने ते बॅटरीत जातात. रिजन नसेल तर ते सगळे ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातात. पंचवीस मिनिटांच्या उतारात ही उष्णता म्हणजे बाथरूममधले दोन मोठे गिझर सतत चालू ठेवल्यासारखं आहे. ब्रेक एवढे तापले की त्यांची पकड कमी होते. पेडल दाबूनही गाडी मनासारखी थांबत नाही, चाकाजवळून जळका वास येतो. पेट्रोलच्या गाडीत आपण दुसऱ्या गिअरवर उतरतो, इंजिनच गाडी धरून ठेवतं. विजेच्या गाडीत ते काम रिजनचं.

आणि इथेच एक गोम आहे. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर रिजन जवळजवळ बंद असतं! भरलेल्या हंड्यात आणखी पाणी कसं मावणार? वहिनी एका समारंभासाठी पाचगणीत मैत्रिणीकडे मुक्कामाला राहिल्या होत्या. मैत्रिणीने आग्रहाने गाडी रात्रभर चार्जिंगला लावायला लावली. सकाळी शंभर टक्के. डिसेंबरची थंडी, बॅटरीही गार. वहिनी नेहमीसारख्या तीनवर ठेवून निघाल्या. पहिल्या उतारावर पाय उचलला तर गाडी धरेचना, उलट वेग घेऊ लागली. त्यांनी वेळेवर ब्रेक दाबला, गाडी कडेला घेतली आणि मला फोन लावला. ''ताई, तीनवर आहे, तरी शून्यावर असल्यासारखी पळतेय. बिघडली की काय?''

गाडी बिघडलेली नव्हती. बॅटरीत जागाच नव्हती. शिवाय गार बॅटरी वीज सावकाश घेते, त्याचाही हातभार होता. मी त्यांना सांगितलं, की पहिले काही किलोमीटर पंचवीसच्या वर जाऊ नका. ब्रेकवर पाय सतत घासत ठेवू नका. वेग वाढला की एकदा नीट दाबून वीसवर आणा आणि पाय सोडा, म्हणजे ब्रेकला मधेमधे गार व्हायला वेळ मिळेल. वास आला तर थांबा. आणि पाय उचलल्यावर डॅशबोर्डवरचा काटा चार्जच्या बाजूला सरकतो का, तेवढं अधूनमधून बघत राहा. उतरत असताना एसी, मागच्या काचेचा हीटर चालू ठेवल्याने थोडी वीज खर्च होते, पण त्यावर विसंबण्याइतकी नाही. अर्धा घाट संपेपर्यंत काटा हळूहळू सरकू लागला होता, असं त्यांनी वाईत पोचल्यावर सांगितलं.

तेव्हापासून त्यांचा नियम ठरला आहे. वरून खाली यायचं असेल तर बॅटरी ८५ टक्क्यांच्या पुढे भरायची नाही. हिशेबाने पाच टक्के जागा पुरेशी आहे, पण बॅटरी भरत आली की ती वीज घ्यायला कुरकुर करते, रिजन कमजोर पडतं. म्हणून पंधरा टक्के मोकळे. आणि निघाल्यावर, उतार सुरू व्हायच्या आधी, सपाट रस्त्यावर एकदा पाय उचलून ओढ लागते का ते बघायचं. ज्यांचं घरच वर आहे, महाबळेश्वर-पाचगणीला किंवा कुठल्याही घाटमाथ्यावर, त्यांच्यासाठी तर हा रोजचाच नियम हवा. खाली राहून वर नोकरीला जाणाऱ्यांना ही अडचण सहसा येत नाही, कारण चढताना बॅटरीत आपोआप जागा झालेली असते.

आणखी एक जुनी सवय इथे सोडायला हवी. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायचं, हे आपल्याकडे कितीतरी जण करायचे. ते तेव्हाही धोक्याचंच होतं. विजेच्या गाडीत न्यूट्रलमध्ये रिजन चालत नाही. म्हणजे वीजही मिळणार नाही आणि गाडी धरणारंही कुणी नाही.

मग कुठे कितीवर?

वहिनींच्या रोजच्या रस्त्यावरच आपण फिरून येऊ. वाईच्या पेठेतून निघताना त्या दोनवर असतात. सकाळी दूधवाले, शाळेची मुलं, मधेच आडवी येणारी गाय, यात दर शंभर पावलांवर वेग कमी करावा लागतो. दोनवर बहुतेक वेळा पाय थोडा उचलला की काम भागतं आणि पाय एका पेडलवरून दुसऱ्यावर नाचवावा लागत नाही. संध्याकाळी घोट्याला जाणवणारा फरक यातच आहे.

घाट चढताना त्या एकवर येतात. चढाला पाय उचलला की उतारच गाडीला मागे ओढतो. त्यात तीनची ओढ मिळाली तर वळणावर गाडी एकदम बसते आणि मागून जोर लावून येणारा ट्रक अडचणीत येतो. परत येताना मात्र घाटाच्या तोंडाशीच तीन. वेग तीस-पस्तीसच्या आत. मधे उतार सौम्य झाला की दोन, पुन्हा तीव्र झाला की तीन. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही, हा जुना नियम तसाच.

मी साताऱ्याला जाते तेव्हा सुरूरपर्यंत एक किंवा दोन आणि पुढे महामार्गावर एक. सरावलेल्यांनी मोकळ्या महामार्गावर शून्य ठेवलं तरी चालतं. इथे ''तीनवर बॅटरी वाचते'' हे वाक्य अडखळतं. बॅटरीतून निघून वेग झालेली वीज रिजनने परत भरली आणि पुन्हा वापरली, तर शंभरातले साठ-पासष्टच हाती येतात. त्यापेक्षा आधीच कमावलेल्या वेगावर गाडी घरंगळू दिली तर काहीच वाया जात नाही. पुढे टोलनाका दिसतोय, तर लांबूनच पाय काढून गाडीला सावकाश जाऊ द्यावं. वेग कमी करणं भागच असेल, तेव्हाच रिजन कामाचं. ब्रेकने तापवून घालवण्यापेक्षा ते बरं, पण घरंगळण्याइतकं स्वस्त नाही.

आणि शहरातली बचत तरी किती? तेही मोजून बघा. १४०० किलोची गाडी ताशी ४० वरून थांबली, तर तिच्यातली सगळी ताकद जेमतेम अडीच शतांश युनिटाची, म्हणजे ०.०२४ युनिट. त्यातला दोन तृतीयांश हिस्सा परत मिळाला असं धरलं आणि दिवसात असे वीस थांबे झाले, तर वाचतं साधारण पाव ते एक तृतीयांश युनिट. दोन-तीन किलोमीटर जास्त चालेल गाडी, पैशात दोन-तीन रुपये. ब्रेकचे पॅड जास्त टिकतात, हा फायदा वेगळा. तेव्हा सपाट रस्त्यावर लेव्हल निवडताना बॅटरीची फार चिंता नको. पायाला सोपं काय आणि सुरक्षित काय, एवढंच बघावं. तीनचा खरा मान घाटात.

पावसात आणि पोटात

आमच्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. घाटात चिखल आणि ओला पालापाचोळा साचतो. रिजनची ओढ ज्या चाकांना मोटर जोडलेली आहे, फक्त त्यांनाच लागते. छोट्या गाड्यांत बहुधा पुढच्या चाकांना. ओल्या वळणावर तीनवरून पाय झटकन उचलला तर तीच दोन चाकं घसरू शकतात. अशा वेळी गाडी स्वतःच रिजन क्षणभर सोडते आणि गाडीने अचानक उसळी घेतल्यासारखं वाटतं. घाबरायचं नाही, ब्रेक हळू दाबायचा. पण मुळात पावसात एक पायरी खाली यावं आणि वेगही कमी ठेवावा. घाटात तीनऐवजी दोन आणि सोबतीला हलका ब्रेक, असं पुरतं.

दुसरी गोष्ट ब्रेकच्या गंजाची. रिजनवर गाडी चालवणारीचा ब्रेक फार कमी वापरला जातो. पावसाळ्यात त्याच्या चकत्यांवर गंज चढतो. सकाळी पहिल्यांदा दाबल्यावर खरखर आवाज आला आणि एक-दोन दाबांत गेला, तर तो वरवरचा असतो. आवाज जातच नसेल किंवा ब्रेक दाबताना पेडल थरथरत असेल, तर गाडी दाखवून आणावी. मी दर रविवारी रिकाम्या रस्त्यावर शून्यावर ठेवून चार-पाच वेळा ब्रेक नीट दाबते. चकत्या साफ होतात आणि पायालाही ब्रेकची आठवण राहते.

आता पोटाचं. ''आई, मला मळमळतंय'' हे वाक्य घाटात नवं नाही, पण विजेच्या गाडीत ते जास्त ऐकू येतं, अशी तक्रार बऱ्याच जणी करतात. दोष बहुतेकदा पायाचा असतो. पेट्रोलच्या गाडीत पाय एकदम काढायची सवय असते. तीनवर तसं केलं की दर वेळी मागचे प्रवासी पुढे-मागे हेलकावतात. तीनवर पेडल नळाच्या तोटीसारखं वापरायचं, हळूहळू बंद करायचं. पाय पूर्ण न उचलता थोडा टेकवून ठेवला की एक जागा अशी सापडते, जिथे गाडी ओढतही नाही आणि जोरही लावत नाही. ती जागा पायाला कळली, की निम्मं शिकणं झालं. सासूबाई किंवा लहान मूल सोबत असेल तर सपाट रस्त्याला सरळ एकवर चालवावं.

नव्याने शिकणारीने पहिला आठवडा एकवरच काढावा. ब्रेकचा अंदाज पक्का झाला की दुसऱ्या आठवड्यात दोन. तीन मैदानात शिकून मगच घाटात. पायात सपाट तळव्याची, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट असावा. सुटी चप्पल या बारीक उचल-टाकीत पेडलखाली सरकते.

शेवटी एक घरगुती सूचना. आपल्याकडे एक गाडी दोघंतिघं चालवतात. नवऱ्याला शून्य आवडतं, मुलाला तीन. काही गाड्या बंद करून चालू केल्या की पुन्हा आपल्या ठरलेल्या लेव्हलवर येतात, काही शेवटची लेव्हल लक्षात ठेवतात. तीनची सवय झालेला पाय शून्यावरच्या गाडीत बसला, तर पहिल्या चौकातच पंचाईत. म्हणून किल्ली हातात देताना आमच्या घरी आता एवढं सांगितलं जातं, ''दोनवर आहे हं, आणि बॅटरी नव्वद.'' सीट, आरसा बघतो तसा तो आकडाही बघायचा, आणि गल्लीच्या तोंडापर्यंत एकदा पाय उचलून आणि एकदा ब्रेक दाबून गाडी आज कशी धरते ते पाहायचं. मगच रस्त्याला लागायचं.